बटण आणि पाती

माझा स्वभाव तापट आहे. ते विद्यार्थ्यांनी सांगायला नको, घरचे रोज सांगतात. पण नर्सिंग झालेल्या पोरींना परदेशातल्या नोकरीसाठी जर्मन शिकवायचं, त्यात कर्मणी प्रयोगाचा धडा, म्हणजे डोकं थंड ठेवून भागतच नाही. जिन्याच्या वरच्या खोलीत क्लास, खिडकीखाली मोटारसायकली दुरुस्त करणारा गॅरेजवाला, आणि त्याच्या ठोकाठोकीवर माझा आवाज.

त्या बॅचमधल्या एका मुलीला मी धांदल म्हणायचे. नाव तिला शोभायचं. उत्तर आधी, प्रश्न नंतर. तिचा मोठा भाऊ तिकडे एका गोदामात कामाला होता. त्याच्यापाठोपाठ तीही जाणार, मग आईला नेणार, असं ठरलेलं होतं. वडील लहानपणीच गेलेले, घरात आई आणि ती.

धांदलीची एक गोष्ट मात्र काही केल्या सुधरेना. जर्मनमध्ये कर्मणीचे दोन प्रकार. दार बंद केलं जातंय, कोणीतरी आत्ता ते ढकलतंय, तिथे ‘विर्ड’. दार बंद केलेलं आहे, काम उरकलंय, आता फक्त अवस्था उरलीय, तिथे ‘इस्ट’. वस्तू अनेक असल्या की तेच ‘वेर्डन’ आणि ‘झिंट’. शंका आली तर विचारायचं, काही घडतंय की घडून गेलंय? घडत असेल तर ‘कोणाकडून?’ असंही सहज विचारता येतं, अवस्थेला तो प्रश्न सहसा चिकटत नाही. ‘इस्ट’च्या वाक्याशेवटी ‘वोर्डन’ आलं तर ती पुन्हा क्रियाच, झालेल्या क्रियेची बातमी. सगळ्या पोरींच्या हे टाळक्यात शिरलं. धांदलीच्या एका कानातून आत, दुसऱ्यातून बाहेर.

“घरी जा आणि पंख्याशी बोल,” मी शेवटी वैतागून म्हणाले. “आईला बटणापाशी उभं कर. बोट बटणावर दाबलं जातंय तोवर विर्ड. बटण बंद झालं की इस्ट.”

दुसऱ्या दिवशी येऊन म्हणते, “बाई, बटण बंद झालं तरी पाती फिरत होती, म्हणून मी विर्डच म्हटलं.”

“पात्यांचं काय घेऊन बसलीस? बंद करायचं काम बटणाशी संपलं. आबगेशाल्टेट, बंद केलेला आहे. इस्ट.”

“आईपण माझ्याच बाजूची आहे,” ती म्हणाली आणि सगळा वर्ग हसला. मीही हसले असेन, पण वहीवर लाल रेघ ओढायची सोडली नाही.

मग तो अपघात झाला. सायकलवरून कामावर जाताना भावाला गाडीनं उडवलं. तो शुद्धीवर आलाच नाही. यंत्रांवर श्वास चालला होता आणि तिथले डॉक्टर फोनवर धांदलीशी बोलत होते, कारण घरात ती भाषा येणारी तीच. अवघड शब्दांसाठी ती मला बोलवायची. मी क्लास सोडून जायचे. दोन खोल्यांचं घर, भिंतीला टेकवलेली शिलाईमशीन, कॉटवर आई. आई फार बोलायची नाही, नुसती आमच्या तोंडाकडे बघत राहायची.

एका दुपारी डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूत आता काही उरलेलं नाही. “दी गेरेटे वेर्डन मॉर्गन आबगेशाल्टेट.” यंत्रं उद्या बंद केली जातील. वर्तमानकाळच, पण ‘उद्या’ म्हटल्यावर तोच पुढचा होतो. धांदलीनं अगदी बरोबर सांगितलं. आईनं एवढंच विचारलं, “बंद करायच्या आधी मला त्याच्याशी बोलता येईल? माझा आवाज कानावर पडून जाऊ दे त्याला.”

डॉक्टर हो म्हणाले. नर्स फोन कानाला लावेल, उद्या दुपारी तुम्हीच करा.

दुसऱ्या दिवशी मी जेवण तसंच टाकून गेले. आईनं केस विंचरून धुतलेली साडी नेसली होती. फोनवर कोण बघणार होतं? पण मला ते बघवेना. धांदलीनं फोन लावला, आवाज मोठा करून मध्ये ठेवला. पलीकडे एक बाई होती, हळू बोलणारी. तिनं सांगितलं की सकाळी हृदयच थांबलं, कोणाला काही करता आलं नाही, मी तुम्हाला कळवायलाच निघाले होते. आणि मग, “दी गेरेटे झिंट आबगेशाल्टेट.”

झिंट. बंद केलेली आहेत. मी धांदलीकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे आईवर होते.

“काय म्हणतात?” आईनं विचारलं.

“यंत्रं बंद करतायत, आई,” धांदल म्हणाली. “आत्ता करतायत. तू बोल पटकन.”

माझं तोंड उघडलं होतं. आयुष्यभराची सवय, चूक कानावर पडली की जीभ आपोआप पुढे. मी ते मिटलं. तिनं फोन जवळ ओढून त्या नर्सला जर्मनमध्ये विचारलं, फोन तरी त्याच्या कानाशी धराल का, आईला बोलायचंय. मग ती नर्स म्हणाली, हो, मी त्याच्याजवळच आहे.

आई फोनवर वाकली. “सोन्या, मी आहे रे. घाबरू नकोस. इकडची काळजी करू नकोस, आम्ही नीट आहोत. तू दमला असशील. झोप आता.” मग तो लहानपणी कसा ताप आला की तिचा पदर मुठीत धरून झोपायचा, ते सांगितलं. आवाज एकदाही फुटला नाही. फोन बंद झाल्यावर ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून बसली. पाण्याच्या आवाजातूनही तिचं रडणं बाहेर ऐकू येत होतं.

जिन्यात धांदलीनं माझा हात धरला. “बाई, मला फरक कळतो हो,” ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर कोसळली. मी तिला घट्ट धरलं. दुसरं काय करणार होते?

काही दिवसांनी आई क्लासवर आली. पोरी निघून गेल्या होत्या. धांदल परीक्षा देणार म्हणतेय, तिला परत घ्या, हे सांगायला आली होती. मी म्हटलं, ताई, तिची जागा आहेच. ती उठेना. खाली गॅरेजवाला कशावर तरी हातोडा मारत होता.

“बाई, एक विचारू? माझ्या पोरीला कळू द्यायचं नाही.”

“विचारा ना.”

“बटणापाशी रोज मीच उभी असायचे. विर्ड, इस्ट. दोन दिवे लावले की वेर्डन, झिंट. तिच्या आधी मलाच पाठ झालं.” तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “त्या बाईनं झिंट म्हटलं, ते मी ऐकलं.”

मी हातातलं लाल पेन टेबलावर ठेवलं.

“पोरगी कशीबशी उभी होती. मी काही बोलले असते तर ती तिथंच मोडली असती. म्हणून बोलत राहिले त्याच्याशी.” तिनं छताकडे बघितलं. माझा पंखा गरगरत होता. “पण मला एक सांगा बाई. बटण बंद झाल्यावरही पाती थोडा वेळ फिरतातच ना?”

याच पात्यांवरून लिहिलेलं ‘विर्ड’ मी तिच्या मुलीच्या वहीत लाल रेघ मारून खोडलं होतं.

“फिरतात, ताई,” मी म्हणाले. “बराच वेळ फिरतात.”