हंड्यावरचं नाव

सारजाच्या लग्नात चौघा चुलतभावांनी मिळून तांब्याचा हंडा द्यायचा ठरला. बारामतीच्या बाजारात बारा रुपये भिमानं आधीच मोजले. वाटणी ऐपतीप्रमाणं होती. ऊसवाला गेणू चार, रतन तीन, भिमा तीन आणि मेंढरामागं हिंडणारा बिरू दोन.

गेणू-रतननं आठवड्यात पैसे दिले. बिरूचा मात्र निरोपच आला, “लोकर विकली की देतो.” तांबटानं नावं कोरायला घेतली, तेव्हा भिमाचं डोकं फिरलेलं होतं. “तिघांचीच घाला,” तो म्हणाला. बिरूचे दोन रुपये त्यानं स्वतःच्या अंगावर घेतले आणि त्याचा त्याला गर्वही वाटला.

लग्नादिवशी इंदापूरच्या मांडवात बिरू धुळीनं माखलेल्या पायांनी आला. भिमाच्या मुठीत त्यानं दोन रुपये ठेवले.

“उशीर झाला, दादा. आता चौघांचा झाला न्हवं?”

तेवढ्यात आहेर पुकारणाऱ्यानं हंडा उचलला आणि कोरलेली तीन नावं मोठ्यानं वाचली. बिरू ऐकत उभा राहिला. मग पागोटं सारखं करत तो पंगतीत वाढायला निघून गेला.

पाठवणीच्या वेळी सारजा हंड्यापाशी बसली होती. तिला अक्षरओळख नव्हती.

“दादा, पुकारताना बिरूदादाचं नाव मला ऐकूच आलं न्हाय. ह्यात त्याचं कंचं?”

भिमानं तिचं बोट धरलं आणि स्वतःच्या नावावर टेकवलं.

“हे,” तो म्हणाला.