बत्तीस ओळींचा फोटो

सहकार हा मानवी संस्कृतीचा कळस आहे आणि पतसंस्थेचं पासबुक हा त्या कळसावर फडकणारा झेंडा आहे, असं सचिवसाहेबांनी वार्षिक सभेत सलग नऊ वर्षं सांगितलं होतं. यंदा त्यांतला एक झेंडा इस्पितळाच्या धुलाईखात्यात, इस्त्रीवाल्या मावशींच्या ॲप्रनच्या खिशातून, नव्वद अंशांच्या पाण्यात पाऊण तास फडकला. बाहेर आला तेव्हा तो इतका स्वच्छ होता की त्यावर एकही आकडा उरला नव्हता.

तसं बघितलं तर यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पासबुक गेलं तरी संस्थेच्या संगणकात सगळं असतंच. पण नेमका हव्या त्या दोन वर्षांचा हिशेब असलेला संगणक मागच्या उन्हाळ्यात बसला होता. बॅकअप होता. तो त्याच संगणकात होता.

उरला होता एक फोटो. सहा महिन्यांपूर्वी कुठल्याशा अर्जासाठी मावशींच्या शेजारणीने पासबुकाची समोरासमोरची दोन पानं मावशींच्याच मोबाईलवर टिपली होती. आणि संस्थेचा नियम असा होता की ज्या सभासदाने सलग चोवीस महिने ठेव भरली आहे, त्यालाच घरकर्जाची पाळी मिळते. एक महिना हुकला की मोजणी पुन्हा एकपासून. मावशींची पाळी आली होती. खोली ठरली होती: एक खिडकी, आत नळ, मालक शुक्रवारपर्यंत थांबायला तयार. आज शुक्रवारच होता आणि पाच वाजता ऑडिटर सही करून निघणार होते.

मावशींच्या खालोखाल यादीत ज्याचं नाव होतं, तो सचिवसाहेबांचा सख्खा मेहुणा. ही गोष्ट सचिवसाहेब कुणाला सांगत नव्हते, कारण ती सगळ्यांना माहीत होती.

तरीही साहेबांनी फोटो स्वतः वाचला. प्रामाणिकपणे वाचला. आधी मोबाईलमधल्या अक्षरं ओळखणाऱ्या एका सोयीकडून वाचून घेतला, तर तिने मावशींच्या खात्यात एकदम अठ्ठावन्न लाख जमा दाखवले आणि ‘व्याज’ या शब्दाचं ‘प्याज’ केलं. मग साहेबांनी भिंग घेतलं, दोन तास घालवले आणि चोवीस ठेवींची यादी केली. ऑडिटरांनी ती वरून खाली एकदाच पाहिली आणि उजव्या पानाच्या पहिल्या ओळीवर काट मारली.

“ही ठेव नाही. मागच्या पानावरून पुढे आणलेली शिल्लक आहे. तुम्ही ती जमेत धरलीत.”

“म्हणजे?”

“म्हणजे तेवीस.”

मावशी बाकावर बसल्या होत्या. हातातल्या पिशवीचे बंद त्यांनी नीट सरळ केले, जणू त्यांनाही इस्त्री करायची होती.

“एकही महिना चुकवला नाही हो मी,” त्या म्हणाल्या. “पगाराच्या दिवशी आधी तुमची खिडकी, मग किराणा.”

हे साहेबांनाही ठाऊक होतं. संस्थेची भरणा खिडकी महिन्यातून एकदाच, पगाराच्या दिवशी उघडायची, आणि रांगेत पहिल्या मावशी असायच्या. पण ऑडिटर रांग बघून सही करत नसतात.

“बाईंना दाखवून बघू का?” साहेब म्हणाले. हे वाक्य आपल्या तोंडून कसं निघालं, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. बायकोचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि गेला.

बाई म्हणजे संस्थेच्या टायपिस्टबाई. सव्वीस वर्षं नोकरी. सगळे त्यांना पाठीमागे ‘दुर्बीण’ म्हणायचे आणि बाईंना ते माहीत होतं, कारण त्यांना लांबचं सगळं दिसायचं. त्यांनी फोटो संगणकावर मोठा केला, रंग काढून राखाडी केला, काळ्या-पांढऱ्यातला फरक जरा वाढवला आणि तीन-चार मिनिटं नुसत्या बघत बसल्या.

“वाचा की,” साहेब म्हणाले.

“वाचत नाहीये, ओळख पटवतेय. हे आपलंच पासबुक छापायचं जुनं यंत्र. त्याच्या डोक्यात उभ्या नऊ सुया. त्यातली मधली एक मेली होती, म्हणून प्रत्येक आकड्याच्या कमरेत ही पांढरी रेघ. बघा, सगळीकडे एकाच उंचीवर.”

साहेबांनी पाहिलं. खरंच, सगळे आकडे मधोमध कापल्यासारखे दिसत होते. दोन तास त्यांनी त्याला फिकटपणा समजून शिव्या दिल्या होत्या.

“आता यंत्राचे आकडे इंग्रजी. त्यातल्या आठाची कंबर गेली की तो शून्यासारखाच दिसणार. म्हणून आठ आणि शून्य मी डोळ्यांनी ठरवणारच नाही. तिथे प्रश्नचिन्ह.”

“मग ठरवणार कशाने?”

“शिल्लक रकान्याने.”

शिल्लक रकाना साहेबांनी वाचलाच नव्हता. तो आपला बाजूला असतोच, अशी त्यांची समजूत होती.

बाईंनी कोरा तक्ता उघडला. तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक, आणि शेवटी एक जास्तीचा रकाना: छापील की हाताचं. ओळी बत्तीस होत्या. एकेक ओळ त्या जशी दिसते तशी उतरवत गेल्या. पुढे आणलेली शिल्लक, चार वेळचं व्याज, दोनदा काढलेले पैसे, सगळं ज्याच्या त्याच्या जागी. जिथे दिसत नव्हतं तिथे त्या ‘अस्पष्ट’ लिहायच्या.

“अंदाजाने टाका की काहीतरी,” साहेबांना राहवेना.

“अंदाज तुमच्या यादीत आहे ना? एका फायलीत दोन कशाला?”

ऑडिटर मिशीत हसले. साहेबही हसले, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

अडलं ते डाव्या पानाच्या तळाशी. तिथे फोटो काढताना फ्लॅशचा पांढरा झोत पडला होता आणि चार ओळींच्या तारखा त्यात विरघळल्या होत्या. वर जूनअखेरचं व्याज स्वच्छ दिसत होतं, खाली ऑक्टोबरची ठेव स्वच्छ दिसत होती आणि मधे या चार ओळी: एक निळ्या शाईतली, एक छापील, पुन्हा एक शाईतली, पुन्हा एक छापील.

“इथेच मी अक्कल वापरली,” साहेब जरा अभिमानाने म्हणाले. “त्या दिवसांत प्रिंटर बिघडला होता. रोखपाल हाताने लिहायचा आणि यंत्र दुरुस्त झालं की तीच नोंद खाली छापून यायची. म्हणजे चार ओळी, पण ठेवी दोनच. हाताच्या दोन्ही मी काढून टाकल्या.”

“अर्धी अक्कल बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. सव्वीस वर्षांत त्यांनी साहेबांना दिलेलं हे सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र होतं. “जूनअखेर शिल्लक चार हजार तीनशे सतरा. पहिली शाईची ओळ, जमा पाचशे, शिल्लक चार हजार आठशे सतरा. खालची छापील: चार, मग प्रश्नचिन्ह, मग सतरा. शिल्लक हलली का?”

“प्रश्नचिन्ह आठ असेल तर नाही हलली.”

“आणि शून्य असेल तर पैसे भरून शिल्लक कमी झाली. तसा सहकार अजून आपल्याकडे आला नाही. म्हणजे आठच. शिल्लक तीच, म्हणून नोंद तीच. एक ठेव, दोनदा लिहिलेली. इथे तुम्ही बरोबर.”

साहेबांनी मान डोलावली. पुढे काय येणार याची त्यांना चाहूल लागली होती आणि गंमत म्हणजे तरीही त्यांना ते ऐकायचं होतं.

“दुसरी शाईची ओळ. पाचशे, शिल्लक पाच हजार तीनशे सतरा. तिच्या खालची छापील: जमा पाच, प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह. शिल्लक पाच, प्रश्नचिन्ह, सत्त्याण्णव. आता सतराचे सत्त्याण्णव झाले. शिल्लक हलली. मग ही तीच नोंद कशी?”

बाईंनी बोट पुढच्या आकड्यावर नेलं.

“सातावर सात राहिले, म्हणजे जमेचा शेवटचा आकडा शून्य. एकाचे नऊ झाले, म्हणजे मधला आठ. पाचशे ऐंशी. शिल्लक पाच हजार आठशे सत्त्याण्णव. मावशी, एखाद्या महिन्यात ऐंशी जास्त भरले होते?”

“जादा पाळी केली होती,” मावशी लगेच म्हणाल्या. “पडदे आले होते सगळ्या वॉर्डांचे.”

ऑडिटर पुढे सरकले. त्यांचं काम शंका घेणं होतं आणि ते त्यांना मनापासून आवडायचं. “ठीक. पण बाई, ती शाईची ओळ एकटी पडली. तिच्यामागे छाप नाही. शाईने कुणीही काहीही लिहील.”

“लिहील. पण यंत्र त्याचं ऐकणार नाही.” बाईंनी ऑक्टोबरच्या ओळीवर बोट ठेवलं. “ही छापील. शिल्लक सहा हजार तीनशे सत्त्याण्णव. आठ नाही, शून्य नाही, वादच नाही. शाईची ओळ काढा आणि बेरीज करा. चार हजार आठशे सतरा, अधिक पाचशे ऐंशी, अधिक ऑक्टोबरचे पाचशे.”

ऑडिटरांनी पेन्सिलीने केली. “पाच हजार आठशे सत्त्याण्णव.”

“बरोबर पाचशे कमी. आता ती ओळ परत ठेवा.”

ऑडिटरांनी बेरीज पुन्हा केली नाही. ते नुसते पडद्याकडे बघत राहिले. जून ते ऑक्टोबरमधले तीन महिने, खिडकी महिन्यातून एकदा आणि ठेवी तीन. शाईच्या अक्षराला यंत्र साक्ष देत होतं आणि यंत्राच्या मोडक्या आठाला शाई.

साहेबांना एकदम काहीतरी झालं. ज्या निळ्या ओळींना त्यांनी दोन तास गचाळपणा म्हणून नावं ठेवली होती, त्या त्या पानावरच्या सगळ्यांत शहाण्या ओळी होत्या. आणि ही बाई सव्वीस वर्षं त्यांच्या पलीकडच्या टेबलावर बसत होती आणि साहेब तिच्याकडून सभेची निमंत्रणं टाईप करून घेत होते. त्यांना उठून उभं राहावंसं वाटलं. ते उठले. मग उठलोच आहोत तर म्हणून त्यांनी पंख्याचा वेग वाढवला.

“चोवीस,” ऑडिटर म्हणाले आणि त्यांनी यादीवर सही केली. “अठरा वर्षं तपासण्या करतोय. अशी यादी बघितली नाही.”

“तारखांशिवाय अस्पष्ट चार राहिल्यात,” बाई म्हणाल्या. “तीन पावती क्रमांक आणि एक सही. त्या तशाच ठेवा.”

मेहुण्याची पाळी पुन्हा एक घर खाली सरकली. साहेबांनी घरी काय सांगायचं याचा विचार सुरू केला आणि लगेच थांबवला. इतक्या चांगल्या संध्याकाळी तो करण्यासारखा नव्हता. त्याऐवजी त्यांनी घसा साफ केला. सहकार, संस्कृती आणि एका सामान्य फोटोचं असामान्य मोल यांवर चार शब्द बोलायची ही वेळ होती. हा फोटो मोठा करून संस्थेच्या भिंतीवर लावायचा, असंही त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

मावशी उठल्या. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी बाईंचे दोन्ही हात हातात घेतले, बराच वेळ धरून ठेवले आणि मग हळूच, संकोचून विचारलं,

“ताई, तो फोटो आता मोबाईलमधून काढून टाकाल का? मला जमत नाही, आणि जागा भरलीये म्हणतोय.”