गच्चीतला कोपरा

दोघी जावांचं बोलणं बंद होऊन वर्ष होत आलं होतं. म्हणजे बोलत होत्या, पण एकमेकींशी नव्हे, एकमेकींना ऐकू जाईल असं. थोरली शाळेत शिकवायची, तळमजल्यावर राहायची. धाकटी घरी शिवणकाम करायची आणि गच्चीखालच्या मजल्यावर राहायची. गच्ची दोघींची, पण त्या वर्षी थोरलीने तिच्या एका कोपऱ्यात बाग उभी केली आणि गच्ची तिचीच झाली.

बाग म्हणजे भिंतीवरची. कठड्याच्या चार इंची भिंतीला लोखंडी रॅक बोल्टांनी टांगला होता, एकावर एक पाच फळ्यांचा. थोरलीच्या नवऱ्याने, भावजींनी, विचारलं होतं, "याला खाली पाय नकोत का?" थोरली म्हणाली, "पाय टेकवले तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग फुटेल. मग खालची बया कांगावा करेल." म्हणून रॅक अधांतरीच राहिला. त्यावर कुंड्या चढल्या, प्लास्टिकच्या नव्हेत, मातीच्या, आणि आत नुसती बागेतली जड माती. रोज संध्याकाळी थोरली नळी घेऊन वरच्या फळीपासून पाणी सोडायची. वरच्या कुंड्या लगेच सुकायच्या, खालच्या चिखल होऊन बसायच्या, आणि भिंत मागून कायम ओली.

पावसाळा नसताना धाकटीच्या शिवणखोलीच्या छताला ओल आली. मशीनच्या बरोब्बर वर, परातीएवढा डाग.

"वर जंगल वाढवायचं आणि खाली आम्ही कुजायचं," धाकटी जिन्यात मोठ्याने म्हणाली.

"आधी स्वतःचे नळ बघावेत," खालून उत्तर आलं. "नाचता येईना अंगण वाकडं."

धाकटीने मनाशी ठरवलं, पुरावाच काढायचा. थोरली शाळेत गेलेली असताना ती कपड्यांची नीळ घेऊन वर गेली. थोडी कुंड्यांत ओतली, उरलेली पाण्यात कालवून रॅकखालच्या फरशीवर. डाग निळा झाला की भावजींनाच वर बोलावून दाखवायचा. मग बघू बाईसाहेबांचा आवाज कुठे जातो ते.

निळं पाणी फरशीवरून सरळ गच्चीच्या मोरीकडे वाहत गेलं. ते बघत ती उभी राहिली आणि सहज मान वर केली. आयुष्यभर शिवण सरळ आहे की नाही हेच बघितलेले डोळे. कठड्याची वरची कड कोपऱ्यापर्यंत सरळ येत होती आणि रॅकपाशी आत कलली होती. ती जवळ गेली. भिंत कोपऱ्यातल्या खांबाला जिथे मिळते तिथे फट पडली होती. तिचं बोट आत गेलं. वरच्या दोन बोल्टांच्या चकत्या भिंतीला टेकलेल्याच नव्हत्या. सगळा भार भिंतीला आत ओढत होता. पडली तर भिंत रस्त्यावर पडणार नव्हती. नळी घेऊन जी खाली उभी असते, तिच्या अंगावर पडणार होती.

धाकटी तशीच खाली आली आणि पाण्याचा पेला घेऊन बसली. खोटं कशाला सांगा, एक क्षण तिच्या मनात आलं, आपल्याला काय करायचंय? नंतर स्वतःचीच इतकी किळस आली की पेला तसाच ठेवून ती उठली.

थोरली शाळेतून आली तशी तिला दारात गाठली. "जाऊबाई, आज पाणी घालायला जाऊ नका. भिंत कलली आहे."

वर्षानंतरचं पहिलं थेट वाक्य. थोरलीने चपला काढता काढता वर पाहिलं. "डागाने भागलं नाही, आता भिंत का?"

"बोट जातंय फटीत. स्वतः बघा, पण लांबून."

"माझ्या कुंड्यांत निळं काय ओतलंस तेही सांग. शेजारच्यांनी बघितलंय." तिचा आवाज चिरका झाला. "झाडं मारायची होती तर तोंडावर मारायचीस. जळतेस तू, आधीपासून जळतेस."

थोरली आत गेली. आता ती चहा घेणार आणि मग वर जाणार, हे धाकटीला पाठ होतं.

ती धावत गच्चीत गेली आणि दाराला गच्चीच्या बाजूने कडी घातली. रॅकसमोर उभं न राहता बाजूने, स्टुलावर चढून, तिने सर्वांत वरच्या फळीवरच्या कुंड्या उतरवायला सुरुवात केली. ओल्या मातीची एकेक कुंडी पोटाशी धरून खाली आणताना तिला धाप लागत होती. एक निसटली आणि फुटली. दोन फळ्या रिकाम्या होईस्तोवर दारावर थापा पडायला लागल्या होत्या.

"दार उघड! अहो, बघताय काय, ती माझी झाडं फोडतेय!"

तिसरी फळी रिकामी झाल्यावर धाकटीने कडी काढली. थोरली गच्चीत घुसली. समोर चिखल, खापऱ्या आणि मुळासकट आडवा पडलेला मोगरा. तिने हात उगारला. भावजी मध्ये पडले म्हणून, नाहीतर गालावर बसलाच असता.

"भिंत कलली म्हणे! या रॅकला धरून हत्ती लोंबकळेल." थोरलीने रागाने रॅकचा वरचा दांडा धरला आणि हिसका दिला.

बोल्ट लोण्यातून सुरी निघावी तसा बाहेर आला. मागोमाग विटेचा ओला तुकडा तिच्या पायाशी पडला. भिंत डुगडुगली. भावजींनी तिला दंडाला धरून मागे खेचलं, आणि तिघंही पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहिली. 

मग थोरली म्हणाली, "माझा मोगरा मोडलास."

धाकटीला रडू येईल असं वाटलं होतं. आलं ते हसू, कडवट. ती चिखलाच्या हातांनीच खाली निघून गेली.

गवंड्याने तेवढी भिंत उतरवली आणि खांबात सळ्या रोवून नव्याने बांधली. तो म्हणाला, कठडा माणसाला अडवायला असतो, ओझं टांगायला नव्हे. नवा रॅक बुटका झाला, रुंद पायांचा. तो भिंतीपासून हात घालता येईल इतका लांब, खालच्या तुळईच्या रेषेवर ठेवला, पायांखाली जाड रबर. जड कुंड्या खाली, हलक्या वर. मातीत नारळाचा भुसा मिसळला. नळीऐवजी बारीक ठिबक आलं, वरच्या फळीला वेगळी तोटी, खालच्या फळीला वेगळी.

आणि धाकटीचा डाग? तो निळा झालाच नाही. प्लंबरने टाकीकडून तिच्याच घरात येणारा पाइप बंद केला आणि डाग वाळत गेला. त्या पाइपाचाच सांधा गळत होता. थोरलीला कळायला वेळ लागला नाही. त्या दिवसापासून जिन्यात कुणी भेटलं की ती विचारायची, "नळ तपासलेत ना घरचे? नाहीतर उगाच लोकांच्या झाडांना दोष." धाकटी ते ऐकायची आणि दार धाडकन लावायची.

आभार मानले गेले नाहीत. माफी मागितली गेली नाही, नीळ ओतल्याबद्दलही नाही. पण भिंतीचं प्लास्टर वाळलं आणि कुंड्या परत चढवायची वेळ आली, तेव्हा थोरली गच्चीच्या दारातच थांबली. धाकटी दोरीवरचे कपडे काढत होती. थोरलीने तिच्याकडे बघितलं नाही. नवऱ्याला म्हणाली, "विचारा तिला, सरळ आहे का."

भावजींनी बिचाऱ्यांनी तोंड उघडायच्या आत धाकटीने कपडे खांद्यावर टाकले, कोपऱ्यात गेली, वाकून एक डोळा मिटला आणि कठड्याच्या कडेवरून नजर लांबवर नेली.

"सांगा त्यांना," ती म्हणाली, "आहे."