एका सेकंदाचा फेरा

विनिता मॅडमच्या घरात टिकटिकणारं घड्याळ नव्हतं. डोंबिवलीच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या या बाई म्हणायच्या, वेळ मोबाईलवर दिसते की! खरं कारण वेगळं होतं. घड्याळाची प्रत्येक टिक त्यांच्या कानात एका गोळ्याचा फेरा होऊन घुमायची, आणि चौथ्या टिकेला त्या डोळे मिटून घ्यायच्या.

अकरा वर्षांपूर्वी त्यांनी वर्गात शंकू-दोलक दाखवायचा घाट घातला होता. वर छोटी मोटर, तिला अर्ध्या मीटरचा बारीक सुती दोरा, खाली दोनशे ग्रॅमचा पितळी गोळा. मोटरचा वेग वाढेल तसा गोळा आडव्या वर्तुळात फिरत वर उचलला जातो आणि दोरा कलत जातो. तो उभ्या रेषेपासून साठ अंश कलला की एका फेऱ्याला जवळजवळ बरोबर एक सेकंद लागतो, हे मॅडमनी आधी काढून ठेवलं होतं. मुलांनी भिंतीवरच्या घड्याळाबरोबर फेरे मोजायचे, अशी झकास कल्पना. एक, दोन, तीन असा गजर झाला. चौथ्या फेऱ्यात दोरा तुटला आणि गोळा पहिल्या बाकावरच्या दिशाच्या डाव्या डोळ्यावर बसला. तो डोळा कायमचा गेला.

चौकशीत 'दोरा जुनाट होता' असं लिहिलं गेलं. दोरा दिला होता लॅबमधल्या धोंडीबामामांनी. मामा 'असंल साहेब' म्हणाले, नोकरी सोडून आंबिवलीला घरी बसले.

मॅडमनी त्याच संध्याकाळी वही उघडून पाहिली होती. वेळ बरोबर काढली होती, घोळ ताणात होता. गोळ्याच्या वजनाला कोसाइननं भागायचं, तिथे साध्या लंबकाच्या सवयीनं त्यांनी गुणलं होतं. साठ अंशांचा कोसाइन अर्धा. म्हणजे ताण निघाला शंभर ग्रॅमच्या वजनाइतका, प्रत्यक्षात होता चारशेच्या. तीनशे पेलणारा दोरा त्यांना चिक्कार वाटला होता. अहो बाई, गोळा नुसता लटकला तरी दोनशेनं ओढतो, मग फिरताना कमी कसा ओढेल? दोऱ्याच्या तिरक्या ओढीतला उभा भाग सगळं वजन तोलतो, आडवा भाग गोळ्याला वर्तुळात वळवतो. दोन्ही कामं एकाच दोऱ्याच्या गळ्यात! इतकं साधं. मॅडमनी ते पान टराटरा फाडलं आणि मूग गिळून बसल्या.

आणि परवा स्टाफरूमच्या दारात एक तरुणी येऊन उभी राहिली.

"मॅडम, मी समीक्षा. धोंडीबा लॅबवाल्यांची मुलगी. बाबा कोणाचं ऐकतच नाहीत हो. रोज तो दोरा टांगून बसतात. तुम्ही एकदा समजावाल का?"

रविवारी सकाळी मॅडम आंबिवलीला गेल्या. मामा खूप वाळले होते. दाराच्या चौकटीत हुक होता, त्याला बारीक दोरा, खाली दोनशे ग्रॅमचं वजन. निश्चल. आत भिंतीवर घड्याळ टिकटिकत होतं.

"बसा मॅडम," मामा म्हणाले. "ह्यो त्याच रिळातला. त्या दिशी खिशात ऱ्हायला. म्हैन्याला नवा तुकडा लावतो, रोज टिकतो बगा. मग त्या पोरीच्या टायमालाच का तुटला? माजंच कायतरी चुकलं आसंल. पर काय, त्ये घावत न्हाई."

अकरा वर्षं हा माणूस दोऱ्याला विचारत होता, आणि उत्तर मॅडमकडे होतं. 'मामा, जाऊ द्या आता' एवढं म्हणून निघता आलं असतं. ते वाक्य ओठांवर आलंसुद्धा.

"समीक्षा, थोडी वाळू दे," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही दोघं आत उभे राहा."

दोनशे ग्रॅम वाळूची मऊ पुरचुंडी त्यांनी त्याच रिळातल्या अर्ध्या मीटर दोऱ्याला बांधली. मोकळ्या अंगणात हात डोक्यावर धरून फिरवू लागल्या. पुरचुंडी हळूहळू वर आली, दोरा कलत गेला. आतली टिक आणि फेरा जुळले. एक. दोन. तट्ट! पुरचुंडी कुंपणापाशी जाऊन फुटली.

मामा बाहेर आले. त्यांनी तुटलेलं टोक उन्हात धरून निरखलं.

"म्हंजी दोरा चांगला व्हता."

"चांगला होता, मामा. फिरताना दुप्पट ओढ बसते. गणित माझं चुकलं."

मामांनी बराच वेळ मान हलवली. चेहऱ्यावर इतकी सुटका दिसली की मॅडमना भरून आलं. मग ते एकदम थांबले.

"तुमाला कवा कळलं, मॅडम?"

खोटं बोलायला अजून जागा होती.

"त्याच संध्याकाळी."

समीक्षाच्या तोंडून नुसता हुंदका आला. खिशातून रीळ काढून मामांनी ते मॅडमच्या तळहातावर ठेवलं.

"आता ह्ये तुमी सांबाळा," ते म्हणाले, आणि चौकटीतला हुक काढायला आत गेले.