सत्तर मिनिटांचं पत्र

आमच्या हॉलमधल्या त्या लग्नाला तीन दिवस झाले तेव्हा मालकांनी मला माफीचं पत्र लिहायला बसवलं. मजकूरही तेच सांगत होते. "किचनकडून दिरंगाई झाली, संबंधितांवर कारवाई होत आहे. बास. नवरीच्या आईंना पाठवा आणि एक प्रत वस्तादच्या फाइलला लावा."

वस्ताद म्हणजे आमचा मुख्य शेफ. एक लेखी ताकीद त्याच्या नावावर आधीच होती. ही दुसरी लागली की त्याला गाशा गुंडाळावा लागणार, हे मालकांना ठाऊक होतं आणि मलाही. मी "हो" म्हटलं. मला काही वाटलं नाही. बावीस वर्षं लोकांच्या लग्नांत हसतमुखाने उभी आहे मी, मॅनेजर म्हणून; आतला दिवा कधी गेला ते कळलंही नाही.

खरं काय झालं ते सांगते. जेवण एकला होतं. आमच्याकडे नियम असा, की हॉलमधून मी वॉकीटॉकीवर "सोडा" म्हटल्याशिवाय किचन प्लेटा भरत नाही, नाहीतर भाषणं संपेपर्यंत त्या गार होतात. एकला पाच मिनिटं असताना नवरीचे वडील बोलायला उभे राहिले. माझा वॉकी खरखरत होता, म्हणून मी त्याचा आवाज पूर्ण बंद केला. भाषण संपलं, फोटो झाले, मी अठरा जादा पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या. "सोडा" म्हणायचं राहिलं. मला वाटलं, म्हटलंय.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती चूकच म्हणायची. पण दीड वाजला तेव्हा माझ्या मनात आलं, हा वस्ताद आज उशीर करतोय. चार दिवसांपासून आमची बोलचाल बंद होती. किचनचं दार माझ्यापासून वीस पावलांवर. मी गेले नाही. म्हटलं, होऊ दे उशीर, आज मालक स्वतः आहेत हॉलमध्ये, बघतील. नवरीच्या आई दोनदा विचारायला आल्या. दोनदा मी म्हटलं, "किचनमधून येतंच आहे."

आणि आत दोनशे चाळीस माणसांचं जेवण एक वाजल्यापासून गरम पेट्यांमध्ये तयार होतं. वस्ताद वॉकीवर "तयार" म्हणत होता, मला ऐकू येत नव्हतं. तोही अडून बसला, स्वतः बाहेर आला नाही. शेवटी दोन वाजून गेल्यावर एक वेटर विचारायला आला, तेव्हा कळलं. पहिली प्लेट दोन वाजून दहा मिनिटांनी टेबलावर गेली. दोघांनी मिळून घातलेला घोळ, पण "सोडा" म्हणायचं काम माझं.

मालकांचा मजकूर मी टाइप केला. पुन्हा वाचला. मग खोडला आणि वर लिहिलं तेच लिहिलं, फक्त कमी शब्दांत. वीस पावलंही लिहिली. शौर्य वगैरे काही नव्हतं त्यात; दुसरं वाक्य सुचेना, इतकंच. पाठवून दिलं आणि प्रत मालकांच्या टेबलावर ठेवली. फाइलला लावायची तर माझ्या लावा, म्हटलं.

दुपारी नवरीच्या आईंचा फोन आला. मी खुर्चीत ताठ बसले, बोलणी खायची तयारी केली.

"म्हणजे जेवण तयार होतं?" त्यांनी विचारलं.

"हो. एकपासून."

"माझ्या आईला दोनलाच हॉस्पिटलमध्ये परत न्यायचं होतं. तीन तासांची परवानगी होती. नातीच्या लग्नात दोन घास खायचे म्हणून सकाळपासून तिने काही घेतलं नव्हतं. उपाशीच गेली. परवापासून नळीने देतात. आता तोंडाने काही द्यायचं नाही म्हणालेत."

"सॉरी," मी म्हणाले.

"गाडीत मी तुमच्या किचनला शिव्या घालत होते. तर आई म्हणते, नको गं, चुलीपुढच्या माणसाला बोलू नये, त्याचीही धांदल झाली असेल. अजून विचारते, त्या स्वयंपाक्याला कोणी रागावलं नाही ना?"

"नाही रागावलं," मी म्हणाले. "त्याची चूक नव्हती, सांगा त्यांना."

"मग कोणाची, असं विचारेल."

"माझी सांगा."

"काय सांगू? जेवण वीस पावलांवर होतं आणि त्या बाई गेल्या नाहीत, असं सांगू?"

मग त्याच म्हणाल्या, "राहू दे. तिला मी सांगते, शिजलंच नव्हतं."