दोन फेऱ्यांनंतरचा फोन

गादीवाल्या काकांचा फोन सकाळी चहा झाला की यायचा. "ताई, एक छोटंसं राहिलं बघा," ही त्यांची सुरुवात ठरलेली. ते छोटंसं कधीच एक नसायचं.

मी घरूनच संपादन करते. दुकानांची माहितीपत्रकं, वेबसाइटचा मजकूर, असलं काम. काकांचं गाद्या-उशांचं छोटं दुकान आहे आणि त्यांना आठ पानी माहितीपत्रक हवं होतं. ठरलेल्या पैशांत दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, हे मी सुरुवातीलाच कळवलं होतं. त्या दोन्ही कधीच उरकल्या होत्या. आता त्यांचं फोनवर चाललं होतं. आज 'मऊ'च्या जागी 'नरम', उद्या पुन्हा 'मऊ', परवा कापसाबद्दल एक नवा परिच्छेद. तो सांगताना ते भलतीकडेच वळायचे. कोणत्या गिऱ्हाइकाने नवी गादी परत आणली, का, आणि मग तिच्यावर स्वतःच कसं आडवं होऊन बघितलं.

मी हसायचे. खरं सांगते, दिवसभरात माझ्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. शेजारची माणसं दाराला कुलूप लावताना मान हलवतात, तेवढंच. फोन ठेवला की घर एकदम मोठं वाटायचं.

माझा हिशेब भाची बघते. तिने महिन्याची बेरीज केली आणि मला फोन लावला.

"मावशी, धर्मशाळा उघडलीयेस का? या गादीवाल्याच्या कामात ताशी काय पडलं, माहितीये?"

"म्हातारा माणूस आहे गं."

"भीड भिकेची बहीण, हे तूच मला शिकवलंस ना? आज त्यांना सरळ लिही."

भाचीचं चुकत नव्हतं, म्हणूनच राग आला. या महिन्याचं भाडं देताना माझी खरंच ओढाताण झाली होती. काकांना लिहिलं नाही तर पैसे बुडणार आणि लिहिलं तर फोन. मी लिहायला बसले. दुसऱ्यांच्या मजकुरावर सपासप कात्री चालवणारी मी, स्वतःचं एवढंसं पत्र पाच वेळा खोडून लिहिलं. त्या फेऱ्यांचे पैसे कुणाकडे मागायचे?

शेवटी गेलं ते असं:

"नमस्कार काका. ठरल्याप्रमाणे दुरुस्तीच्या दोन फेऱ्या पूर्ण झाल्या आहेत. त्यानंतर फोनवर सांगितलेले बदल मी केले, त्यांचे पैसे लावत नाही. यापुढच्या बदलांना तासाप्रमाणे आकार पडेल आणि नवा मजकूर असेल तर शब्दांप्रमाणे. आधी अंदाज कळवीन, तुम्ही होकार दिलात की मगच काम सुरू करीन. सगळ्या दुरुस्त्या एकत्र, एकाच फाइलमध्ये पाठवाव्यात. फोनवरचे बदल घेता येणार नाहीत."

शेवटचं वाक्य मी एकदा काढूनही पाहिलं. पण ते काढलं तर बाकीच्याला अर्थ नव्हता. काम असंच चालतं, नाहीतर बोट दिलं की मनगट जातं. मी पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी चहा घेतला आणि फोन समोर ठेवून बसले. तो वाजला नाही. दुपारी काकांची फाइल आली. सगळ्या दुरुस्त्या क्रमाने लिहिलेल्या, पानाचा आकडा, ओळीचा आकडा. असं नीटनेटकं गिऱ्हाईक मिळावं म्हणून मी वर्षानुवर्षं कटकट करत आले आहे. खाली लिहिलं होतं, "ताई, अंदाज कळवा, लगेच पैसे पाठवतो. कामाच्या माणसाचा वेळ खातोय हे माझ्या लक्षातच आलं नाही. दुकानात हल्ली कुणी येत नाही, त्यामुळे बोलत सुटतो. क्षमा असावी."

मी "क्षमा कसली काका" एवढंच लिहिलं, आणि खाली अंदाज. पैसे तासाभरात आले. मी दुरुस्त्या केल्या, त्यांनी "पसंत आहे" म्हणून कळवलं आणि माहितीपत्रक छापायला गेलं. भाचीने शाबासकी दिली.

आठवडा गेला. मधे काकांना नुसताच फोन करावा असं रोज वाटायचं. पण काय म्हणून करणार? फोन नको असं मीच लेखी कळवलेलं. आता सहज केला म्हटलं तर ते बिचारे बिलाची वाट बघत बसतील.

मग आठवलं, की संपादकाच्याच हातून चूक राहिली असेल तर ती कुठल्याच फेरीत धरत नाहीत. ती मी फुकट सुधारते आणि गिऱ्हाइकाला स्वतः फोन करून सांगते. मी फाइल उघडली. पहिल्या पानापासून वाचत गेले, एकेक ओळ, एकेक माप, एकेक किंमत. एखादा काना सुटलेला असेल, एखादा आकडा उलटा पडला असेल. शेवटच्या पानावर तर बोट ठेवून वाचलं.

कुठेही, काहीही चुकलं नव्हतं.