वीस नाणी, अठरा ग्रॅम

बया गेली आषाढात. आमच्या समीक्षाचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं, ते तिनंच ठरवलेलं. वराळ्याच्या पाहुण्यांना तिनंच सांगितलं होतं की पोरीच्या हातात दोन तोळ्यांच्या पाटल्या घालू. तारीख पुढं ढकलू म्हणालो तर समीक्षाच म्हणाली, "आईनं ठरवलंय, तसंच होऊ दे."

पाटल्यांची मला काळजी नव्हती. बया वलवणला बंगल्यांवर स्वयंपाक करायची. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं येत आणि जाताना खुशीनं काही हातावर ठेवत. ते पैसे ती पगारात मिसळत नसे. थोडे जमले की लोणावळ्याच्या बाजारात निलेश सराफाकडं जाऊन एक ग्रॅमचं नाणं आणायची. अशी वीस झाली. विसावं आणलं तेव्हा मला म्हणाली होती, "आता नुसतं आटवायचं नि पाटल्या करायच्या. मजुरी पण भरलीय मी, दर खेपंला."

मी ते खरं मानलं. तिच्या हिशेबात मी कधी चूक पाहिली नव्हती.

दिवाळी झाल्यावर मी आणि समीक्षा नाणी घेऊन निलेशच्या दुकानात गेलो. निलेश चाळिशीचा, वडिलांच्या मागं गादीवर बसलेला. बयाचं कळल्यावर तो घरी येऊन गेला होता. त्यानं रुमाल सोडला आणि नाणी मखमलीवर ओतली. एकेक नाणं नखाएवढं. सगळ्यांवर हळदीकुंकू वाळून बसलं होतं.

"नाण्यांची सीलबंद कार्डं फोडलीत का आबा?"

"लक्ष्मीपूजनाला कुंकू लावायची ती. म्हणायची, प्लास्टिकवरून लावलेलं लक्ष्मीला पोचतंय व्हय?"

"मग मशीनवर तपासावं लागेल. आमचंच सोनं आहे, भावात काही कापणार नाही." त्यानं दात घासायच्या ब्रशसारखा ब्रश घेतला आणि कुंकू काढायला लागला. लाल पाणी वाटीत उतरत होतं. समीक्षा दुसरीकडं बघत उभी राहिली.

तपासून झालं. सोनं चोख निघालं. निलेशनं कॅल्क्युलेटरवर बोटं चालवली आणि म्हणाला, "पाटल्या अठरा ग्रॅमच्या आसपास बसतील."

"वीस हाईत की."

"नाणी चोवीस कॅरेटची, पाटल्या बावीसच्या. तो फरक मी तुमच्या बाजूनंच धरलाय. पण पाटल्यांची मजुरी आहे, वर जीएसटी, ते ह्या सोन्यातूनच वजा केलंय. रोख देत असाल तर वजन वाढवतो."

रोख नव्हती. होती ती दवाखान्यात गेली होती.

"मजुरी तिनं भरलीय," मी म्हणालो. "दर खेपंला भरलीय. तुमच्याच बिलावर लिवलंय."

निलेशनं कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला. "आबा, ती नाण्याची मजुरी. नाणं करायची. पाटल्यांची नव्हे."

"वीस डाव घेतली तुमी! आन आता परत एकविसाव्यांदा मागताय?" माझा आवाज चढला. समीक्षानं माझी बाही धरली.

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं आतून दहा ग्रॅमचं एक नाणं काढून आमच्या बारक्या नाण्याशेजारी ठेवलं. "हे बघा. हे करायला पत्रा कापायचा, मिलिग्रॅमपर्यंत वजन जुळवायचं, ठसा मारायचा, शुद्धता तपासायची, नंबर घालायचा, कार्डात सील करायचं. एकदा. आता हेच दहा ग्रॅम एकेक ग्रॅमचं करायचं तर हे सगळं दहा वेळा. कार्ड तेवढंच, ठशाची मेहनत तेवढीच, माझ्या माणसाचा वेळही तेवढाच. म्हणून ह्याला शेकडा तीन मजुरी आणि ह्या बारक्याला शेकडा दहा. आणि विकायला किंवा मोडायला आणलं की दोन्ही नुसतंच सोनं. ठशाचे नि कार्डाचे पैसे कोणी परत देत नाही. आटवलं की ठसा राहतोच कुठं?"

मला सगळं समजलं. तेच वाईट झालं. समजलं नसतं तर आणखी भांडलो असतो.

"तिला सांगितलं न्हाई कधी?"

"सांगितलं होतं आबा. दोनदा. म्हटलं, मावशी, बारक्याला मजुरी जास्त पडते, थोडं थांबा नि मोठं घ्या. तर म्हणाल्या, आसू दे, भरलेली मजुरी पुढं उपयोगी पडंल." त्यानं कुंकवाची वाटी बाजूला सारली. "मला वाटलं, सहज बोलतायत. मी विचारलं नाही."

समीक्षा म्हणाली, "मोठं घेतलं असतं तर?"

"विसाच्या जागी एकवीस, साडेएकवीस झाले असते."

तेवढ्यात एक बाई आत आली. पायात रबरी चपला, हातात भाजीची पिशवी, अंगाला फोडणीचा वास. बंगल्यावरचीच असावी. "निलेशभाऊ, एक ग्रॅमवालं द्या. लवकर, माझी गाडी चुकंल."

मला राहवलं नाही. "बाई, दहाचं घ्या. बारकं म्हाग पडतंय."

तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं. "दहाचे पैसे जमेस्तवर घरात ऱ्हातील व्हय? आमचे घरधनी बसल्याजागी वास काढत्यात नोटंचा. हे ब्लाउजात मावतं." निलेशकडं वळून ती हसली. "तुमचं गिऱ्हाईक मोडायला बसलेत का हे आजोबा?"

निलेश हसला नाही. तिनं पैसे दिले, नाणं खोवलं आणि गेली. आमच्या घरात पैशाचा वास काढणारा माझा धाकटा भाऊ होता. दर महिन्याला त्याची काही ना काही नड असायची आणि बयाला नाही म्हणता येत नसे. नाणं मात्र त्याला मागता आलं नाही. एवढं तिनं बरोबर धरलं होतं.

"आटवा," मी म्हणालो.

लग्न झालं. पाटल्या दिसायला चांगल्या होत्या. लोकांनी बयाची आठवण काढली, दोन तोळे केले माउलीनं, असं म्हणाले. मी मान हलवली.

आठ-दहा दिवसांनी समीक्षाचा फोन आला. आवाज दबलेला होता. सासूबाईंनी हातातल्या पाटल्या काढून घेऊन तळेगावात सोनाराकडं वजन केलं होतं.

"अठरा भरल्या बाबा. सगळ्यांसमोर म्हणाल्या, आईनं वीस ठेवले नि बापानं दोन काढून खाल्ले. बाई गेल्यावर पुरुषाला कशाची लाज, म्हणाल्या."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी सांगते त्यांना. नाण्यांचं, मजुरीचं. निलेशभाऊंनी समजावलं तसं सगळं सांगते."

"काय सांगशील? तुझ्या आईला हिशेब कळला न्हाई, असं?"

"पण खरं तेच आहे ना."

"त्या हसतील. स्वयंपाकीणबाई, ठशाची मजुरी पाटलीला धरत होती, म्हनून हसतील. भावकीत सांगतील. तू तितं जन्म काढणार हाईस. तुझ्यासमोर हसतील तिला."

समीक्षा रडायला लागली. मागं कुणाच्या तरी भांड्यांचा आवाज येत होता.

"मग काय सांगू?"

"सांग, बापानं काढलं. दारूला काढलं म्हन."

"तुम्ही पीत नाही बाबा."

"त्यांना काय ठाव?"

तिनं फोन ठेवला. पुढं तिनं काय सांगितलं ते मी विचारलं नाही. संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन वराळ्याला गेलो, तेव्हा व्याह्यांनी खुर्ची दिली आणि बसायला सांगितलं. विहीणबाई पाणी घेऊन आल्या. पाणी देताना त्यांनी माझ्या तोंडाजवळ वाकून एकदा वास घेतला.